पासबुकातली दुसरी ओळ

नमस्कार श्रोतेहो. घरात मुलाच्या किंवा मुलीच्या नावानं बँकेत बचत खातं असेल, तर त्याचं पासबुक आज जरा काढून बघा. पहिल्या पानावर मुलाचं नाव छापलेलं असतं आणि त्याच्या खाली दुसऱ्या एका ओळीत पालकाचं नाव असतं. कोर्टकचेरीच्या कागदांवर ज्याला आपण ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अठरा वर्षांखालच्या अज्ञान मुलाचा पालनकर्ता म्हणतो, तोच हा. मी बँकेत बरीच वर्षं बचत खात्यांच्या काउंटरवर काम केलं. माणसं या दुसऱ्या ओळीपाशीच सगळ्यात जास्त अडतात, असा माझा अनुभव आहे. आज मी तिच्याबद्दलच बोलणार आहे. ती ओळ तिथे का असते, आणि मूल अठरा वर्षांचं झालं की तिचं काय होतं?

आधी पैसे कोणाचे, ते पक्कं करू. खातं मुलाच्या नावावर आहे, तर त्यातली रक्कम पहिल्या दिवसापासून मुलाचीच. वडिलांनी भरली असो, आजीनं वाढदिवसाला दिलेली असो किंवा शिष्यवृत्तीची असो. पालक त्या खात्याचा मालक नाही, भागीदारही नाही. मुलाला कायद्यानं करार करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं सही करणारा तो हात आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीनं केलेला करार तिच्यावर बंधनकारक होत नाही. म्हणूनच अज्ञान खातेदाराच्या खात्यात कधीही उणे शिल्लक येऊ द्यायची नाही, असा बँकांना नियम आहे. पाचशे रुपये जरी जास्तीचे गेले, तरी ते कर्जच ठरतं आणि मुलाकडून ते वसूल करायला बँकेला कायद्याचा आधार राहत नाही.

सही करणारा हात कोणाचा असू शकतो? नैसर्गिक पालकाचा, म्हणजे वडिलांचा किंवा आईचा. नाहीतर कायदेशीर पालकाचा, म्हणजे उदाहरणार्थ न्यायालयानं नेमलेल्याचा. आजोबा नातवाच्या खात्यात हवे तेवढे पैसे भरू शकतात, पण फक्त आजोबा आहेत म्हणून त्यांना ते खातं चालवता येत नाही. हे सांगताना काउंटरवर मला नेहमी जड जायचं, कारण समोरच्या माणसाच्या प्रेमात काहीच खोट नसायची.

आईबद्दल मात्र आजही गैरसमज आहे. ‘वडील हयात आहेत, मग आई पालक कशी?’ असं विचारणारे अजून भेटतात. आईला पालक म्हणून दाखवून अज्ञान मुलाचं खातं उघडायला रिझर्व्ह बँकेनं १९७६ सालीच परवानगी दिली. पण इतर व्यवहारांत जुनी समजूत चालूच राहिली. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलासाठी रिलीफ बाँड नावाचे सरकारी रोखे घ्यायचे ठरवले आणि अर्जावर पालक म्हणून स्वतः सही केली. अर्ज परत आला. वडिलांची सही आणा, नाहीतर न्यायालयाकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा, असं त्यांना सांगण्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत. त्यातल्या ‘नंतर’चा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा घ्यायचा, असं न्यायालयानं सांगितलं. वडील मुलाच्या बाबतीत लक्षच घालत नसतील, तर तीही अनुपस्थितीच. बँकेच्या खात्यापुरतं तर एवढा युक्तिवाद करायचीही गरज नाही. आई सरळ पालक म्हणून सही करू शकते.

मात्र ज्याचं नाव त्या दुसऱ्या ओळीत आहे, तोच खातं चालवणार. पालक म्हणून आईचं नाव असेल तर वडिलांना पैसे काढता येणार नाहीत, आणि वडिलांचं असेल तर आईला. दुर्दैवानं नोंदलेला पालक मधेच गेला, तर हयात असलेल्या पालकानं मृत्यूचा दाखला आणि स्वतःची कागदपत्रं देऊन त्याच्या जागी आपली नोंद करून घ्यायची. तोपर्यंत त्या खात्यातून पैसे निघत नाहीत.

आता दहाव्या वर्षाबद्दल. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला त्याची इच्छा असेल तर स्वतःच्या सहीनं खातं उघडता येतं आणि चालवता येतं. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं या विषयावरच्या सूचना नव्यानं एकत्र केल्या, त्यातही ही मुभा कायम आहे. खात्यात किती रक्कम ठेवू द्यायची, एटीएम कार्ड द्यायचं का, चेकबुक द्यायचं का, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. त्यामुळे एका बँकेत मिळालं ते दुसरीत मिळेलच असं नाही.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या सह्या मी पुष्कळ घेतल्या. नमुना सहीच्या कार्डावर मूल आपलं पूर्ण नाव लिहितं, शाळेच्या वहीत लिहितं तसं, गोल अक्षरात. शिरोरेघ शेवटी एका दमात ओढतं. कधी चौकट पुरत नाही, मग आडनावाचं शेवटचं अक्षर कडेला दाटीवाटीनं बसवतं. सात वर्षांनी तेच मूल बँकेत येतं तेव्हा त्याची सही म्हणजे एक झोकदार आद्याक्षर आणि खाली रेघ. दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या तर एकाच माणसाच्या आहेत असं कोणी म्हणणार नाही. पैसे काढायच्या स्लिपवरची सही जुळत नाही म्हणून ती परत करावी लागते आणि मूल गोंधळून जातं. म्हणून मूल दहाव्या वर्षापासून स्वतः खातं चालवत असलं, तरी सज्ञान झाल्यावर नव्यानं नमुना सही घ्यायचीच, असा नियम आहे. पालक चालवत असलेल्या खात्यात तर मुलाची सही मुळातच नसते.

आता अठराव्या वाढदिवसाकडे येऊ. एक उदाहरण तारखांसकट घेतो, म्हणजे अडचण नेमकी कुठे येते ते दिसेल.

समजा, एका मुलीचा जन्म १४ जून २००८ चा आहे. ती सहा वर्षांची असताना खातं उघडलं, वडील पालक. पुढे दहाव्या वर्षी काही बदल केला नाही, वडीलच चालवत राहिले. आता खात्यात ८६,४०० रुपये आहेत. तिला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ४८,००० रुपये शुल्क भरायचं आहे. शुक्रवारी, १२ जून २०२६ रोजी, वडिलांनी त्या खात्याचा चेक सही करून कॉलेजच्या कार्यालयात दिला. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी कॉलेजनं चेक बँकेत भरला, आणि तो न वटता परत आला. शिल्लक भरपूर होती, सही वडिलांचीच होती, तारीखही बरोबर होती. मग चुकलं कुठे?

चुकलं ते रविवारी. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार जन्माचा दिवस पूर्ण धरला जातो आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होतो तेव्हाच माणूस सज्ञान ठरतो. म्हणजे शनिवारी रात्री बारा वाजले आणि १४ जून लागला, त्या क्षणी ती मुलगी सज्ञान झाली आणि वडिलांचा सहीचा अधिकार संपला. त्यासाठी कोणी अर्ज केला नाही, कोणी रद्द केला नाही, तरी तो संपला. बँकेच्या संगणकात जन्मतारीख असतेच. बऱ्याच बँकांच्या प्रणालीत त्या तारखेला खात्यातून पैसे काढणं आपोआप थांबतं. काउंटरच्या भाषेत त्याला ‘डेबिट फ्रीज’ म्हणतात. सोमवारी चेक समोर आला तेव्हा त्यावर अशा माणसाची सही होती, ज्याला आता त्या खात्यावर सही करता येत नाही. चेकवर १२ तारीख होती हे खरं, पण पैसे द्यायची वेळ आली तेव्हा अधिकार उरला नव्हता.

हे ऐकून वडील चिडतात. मी माझ्या काउंटरवर असे वडील पाहिले आहेत. ‘बारा वर्षं मीच पैसे भरतोय, आणि आज मला काढता येत नाहीत?’ त्यांचा राग मला समजायचा. पण खरं उत्तर एवढंच की ते बारा वर्षं मुलीच्या खात्यात पैसे भरत होते.

खातं असं थांबलंय हे घरबसल्या ओळखायची खूण सोपी आहे. पैसे आत येतात, पण बाहेर जात नाहीत. शिष्यवृत्ती जमा होते, व्याज जमा होतं, पासबुकात नोंदी दिसतात. पण कार्ड मशीनमध्ये घातलं की व्यवहार नाकारला जातो. मूल नुकतंच अठराचं झालं असेल आणि हे दिसलं, तर कार्ड खराब झालंय असं समजून नवं कार्ड मागत बसू नका. दुसरी ओळ बदलायची वेळ आली आहे.

ती बदलायची कशी? मुलीनं स्वतः शाखेत जायचं. वडील सोबत आले तर चांगलंच, पण तिच्याऐवजी ते चालणार नाहीत. अज्ञान खातं सज्ञान करण्याचा अर्ज असतो, तो ती भरते. ताजा फोटो, आधारसारखा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, आणि पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा ठरलेला फॉर्म देते. नमुना सही देते. यापुढे खातं कोण चालवणार हे लिहून देते, म्हणजे एकटी की कोणाबरोबर संयुक्त. खाते क्रमांक बहुतेक वेळा तोच राहतो. खात्याचा प्रकार मात्र बदलतो. लहान मुलांच्या योजनेतून ते साध्या बचत खात्यात जातं, आणि त्याबरोबर किमान शिलकीची अट लागू होऊ शकते. ती किती आहे ते त्याच दिवशी विचारून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी पासबुकात दंडाची नोंद दिसली की मग प्रश्न पडतो.

या कागदांत एक कागद असा असतो की त्यावर सगळे न वाचता सही करतात. खातं पालक चालवत असेल, तर मूल सज्ञान झाल्यावर बँकेनं त्याच्याकडून शिल्लक मान्य करून घ्यायची असते. आपल्या उदाहरणात मुलगी लिहून देते की अमुक तारखेला माझ्या खात्यात ८६,४०० रुपये शिल्लक आहे आणि ती मला मान्य आहे. वरवर पाहता हे नुसतं आकड्याचं काम. पण त्या सहीचा अर्थ मोठा आहे. बारा वर्षं वडिलांनी जे भरलं आणि जे काढलं, त्यानंतर उरलेला हा आकडा बरोबर आहे, असं ती सांगते. म्हणून सहीआधी पासबुक पूर्ण भरून घ्यावं, जमलं तर खात्याचा उतारा काढावा, आणि बाप-लेकीनं शेजारी बसून तो एकदा वाचावा. तिसरीत असताना काढलेले नऊ हजार कशासाठी होते, हे वडिलांना आठवत असेल तर ते तिला सांगतील. बहुतेक घरांत ते दवाखान्याचं बिल किंवा शाळेची फी असतं. पालकानं मुलाच्या पैशाला हात लावायचा तो मुलाच्या हितासाठीच. तसं झालं असेल तर त्या वाचनात कोणालाच अवघडल्यासारखं वाटत नाही.

आणि याच कारणानं आणखी एक गोष्ट सांगतो. काही जण अठरावा वाढदिवस जवळ आला की सगळी रक्कम काढून स्वतःच्या खात्यात वळवतात, ‘नंतर कटकट नको’ म्हणून. हेतू वाईट नसतो. पण ते पैसे मुलाचे आहेत, आणि सज्ञान झाल्यावर त्याला त्यांचा हिशेब मागता येतो. कॉलेजचं शुल्क असेल, तर ते वाढदिवसाआधी थेट कॉलेजच्या खात्यात भरा. त्यात काहीच गैर नाही. आपल्या उदाहरणातल्या वडिलांनी शुक्रवारी चेक देण्याऐवजी बँकेतून ४८,००० रुपये कॉलेजला पाठवले असते, तर सोमवारचा प्रसंग आलाच नसता.

मुलीची सही १४ तारखेच्या आधी घेऊन ठेवता येत नाही, कारण सज्ञान म्हणून तिची सही त्या दिवसापासूनच चालते. पण बाकीची तयारी आधी होऊ शकते. अशा खातेदारांना काय लागणार ते बँकेनं आगाऊ कळवावं, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं आहे. तरी हे कळवणं बहुधा नोंदलेल्या मोबाईलवर संदेशानं होतं, आणि तो मोबाईल वडिलांचा असतो. कधी तो नंबर बदललेला असतो. म्हणून महिनाभर आधी आपणच शाखेत विचारलेलं बरं.

पॅनकडे खास लक्ष द्या. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर मुलाचा फोटो आणि सही नसते, त्यामुळे ओळखपत्र म्हणून त्याचा उपयोग होत नाही. अठरा झाल्यावर फोटो आणि सहीसह नवं कार्ड मागवावं लागतं. पॅन क्रमांक तोच राहतो. करही इथेच बदलतो. तोवर खात्याचं व्याज साधारणपणे आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. सज्ञान झाल्या दिवसापासून ते मुलाचं स्वतःचं उत्पन्न होतं.

मोबाईल नंबर त्याच भेटीत बदलून घ्या. तो राहून गेला तर सही मुलीची, पण ओटीपी वडिलांच्या फोनवर, अशी अर्धवट अवस्था होते. मुलगी परगावी शिकायला गेली की ते फार जाचतं. नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लावायचं, तेही आता तिनंच ठरवायचं. तिच्या लहानपणी तिच्या वतीनं पालकानं नामनिर्देशन केलेलं असतं, ते बघून हवं तर नव्यानं करावं. मुदत ठेव असेल तर ती मुदतीपर्यंत चालू राहते, पण आता ती वडिलांच्या सहीनं मोडता येत नाही. त्या खात्यातून म्युच्युअल फंडाचा हप्ता जात असेल तर फंडाकडेही वेगळा अर्ज द्यावा लागतो. बँकेत खातं सज्ञान झालं म्हणून फंडातलं आपोआप होत नाही.

पोस्टाच्या बचत खात्याचंही असंच. दहा वर्षांनंतर मूल स्वतः चालवू शकतं, आणि सज्ञान झालं की नवा अर्ज आणि स्वतःची केवायसी कागदपत्रं द्यावी लागतात.

हे सगळं केलंच नाही तर? पैसे बुडत नाहीत, त्यावर व्याजही मिळत राहतं. पण दोन वर्षं खातेदाराकडून एकही व्यवहार झाला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. व्याज जमा होणं हा व्यवहार धरला जात नाही. दहा वर्षं तसंच राहिलं तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. तिथूनही ती बँकेमार्फत परत मागता येते, निष्क्रिय खातं सुरू करायला शुल्कही लागत नाही. पण तेव्हा वडील हयात असतीलच असं नाही, आणि पासबुक कुठल्या कपाटात आहे हे कोणाला आठवेलच असंही नाही.

शेवटी ज्या घरांत मूल अठराचं झालं तरी स्वतःचे व्यवहार स्वतः बघू शकणार नाही, त्या घरांसाठी थोडं सांगायचं आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांचे आई-वडील साहजिकच समजतात की आपण आहोतच पालक. माझ्याकडे एक आई आली होती, एकोणीस वर्षांच्या मुलाचं पासबुक घेऊन. तिनं त्याला एक दिवसही नजरेआड केलं नव्हतं. तिच्या सहीनं पैसे देता येत नाहीत, हे तिला समजावून सांगणं मला जमेना, कारण मलाच ते बोलवत नव्हतं. नियम मात्र तोच आहे. अठरा वर्षांनंतर नैसर्गिक पालकत्व कोणाच्याही बाबतीत शिल्लक राहत नाही. अशा वेळी कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिच्यात असतात. मी सांगितलेल्या या चार अवस्थांसाठी ही समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते, आणि बँका ते स्वीकारतात. मानसिक आजार असेल तर मात्र न्यायालयाकडे जावं लागू शकतं. समितीचं काम एका दिवसात होत नाही. मूल सतरा वर्षांचं असतानाच जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून कागद जमवायला लागा, म्हणजे औषधपाण्याचे पैसे मधे अडकणार नाहीत. त्या आईला मी समितीचा पत्ता लिहून दिला. काही महिन्यांनी ती प्रमाणपत्र घेऊन आली आणि त्या पासबुकातल्या दुसऱ्या ओळीत पुन्हा तिचं नाव छापलं, या वेळी कायदेशीर पालक म्हणून.

नमस्कार.